बाटलीतल्या उष्णतेचा प्रवास

(शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेत सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान)



बाईंनी मला सातवीत विज्ञान शिकवलं. पुढे मी आयटीआयमध्ये फ्रीज आणि एसी दुरुस्तीचा ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी काढली. बाईंचा एक प्रश्न मात्र त्या वर्गातून माझ्याबरोबर निघाला आणि आजपर्यंत सुटलेला नाही. त्या ओल्या फडक्याने फळा पुसायच्या, दोन मिनिटांनी फळा कोरडा व्हायचा आणि त्या वळून विचारायच्या, "पाणी इथे होतं. आता नाही. मग गेलं कुठे?" उत्तर येईपर्यंत पुढचा धडा सुरू होत नसे. आज तोच प्रश्न मी तुम्हाला विचारणार आहे, फक्त पाण्याऐवजी उष्णतेबद्दल.

समजा, मे महिना आहे. तुम्ही माठाशेजारच्या पिंपातून एक लिटरची बाटली भरली. पाण्याचं तापमान 30 अंश सेल्सिअस आहे. बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि काही तासांनी काढली तेव्हा पाणी 5 अंशांवर आलेलं होतं. पंचवीस अंश कमी झाले. मग ती उष्णता गेली कुठे?

इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करून घेऊ. मघाशी मी विचारलं तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सांगितलं की फ्रीज पाण्यात थंडी भरतो. घरीही आपण म्हणतो, "दार लाव, थंडी बाहेर जाते." पण थंडी नावाची वस्तू नसते. ती कुणी तयार करत नाही आणि कशात भरतही नाही. असते ती उष्णता. उष्णता निघून गेली की जे उरतं त्याला आपण थंड म्हणतो. हातगाडीवरची पोती उतरवली की गाडी रिकामी होते, तिच्यात कुणी "रिकामेपण" भरत नाही, तसंच हे. म्हणून फ्रीज हा थंडीचा कारखाना नाही. तो उष्णता वाहून नेणारा हमाल आहे, आणि हमालाच्या मागोमाग चालत गेलं की त्याने ओझं कुठे टाकलं ते कळतं.

ओझं किती आहे ते आधी मोजू. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने कमी करायचं तर त्यातून सुमारे 4.2 जूल उष्णता काढावी लागते. आपलं पाणी हजार ग्रॅम आहे आणि उतरायचंय पंचवीस अंश. म्हणजे 4.2 गुणिले 1000 गुणिले 25, एकूण 1 लाख 5 हजार जूल, किंवा 105 किलोजूल. जुना शंभर वॅटचा पिवळा दिवा साडेसतरा मिनिटं जळला तर जेवढी ऊर्जा लागते तेवढी ही आहे. हा 105 आकडा लक्षात ठेवा, शेवटी हिशोब जुळवायचा आहे.

चला, बाटलीतून निघू या.

पहिला टप्पा सोपा आहे. बाटली 30 अंशांवर, भोवतालची फ्रीजमधली हवा चार-पाच अंशांवर. उष्णता आपण होऊन जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, जसं पाणी उताराकडे जातं. तेव्हा ती प्लास्टिकमधून बाहेर पडून हवेत शिरते. गरम झालेली हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या फ्रीझरच्या पेटीला भिडते. या पेटीला आमचे मेकॅनिक चिलर म्हणतात. (दोन दारांच्या फ्रीजमध्ये हवा फिरवायला छोटा पंखा असतो. मी बोलतोय ते एका दाराच्या साध्या फ्रीजबद्दल.) चिलर हवेहून खूप थंड असतो, म्हणून हवा आपली उष्णता त्याला देते, जड होते आणि खाली उतरते. आतापर्यंत उष्णता उतारच उतरली आहे, बाटलीतून हवेत आणि हवेतून चिलरच्या भिंतीत. कुणाला काही करावं लागलेलं नाही.

चिलरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात बारीक नळ्या असतात. त्यांत एक द्रव असतो आणि तो उकळत असतो.

हो, उकळत असतो, आणि तेही उणे 23 अंशांवर. उकळणं म्हणजे गरम, असं आपल्या मनात घट्ट बसलंय, कारण आपण रोज पाणीच उकळताना बघतो. म्हणून आता थोडं थांबून एक प्रयोग करू.

ही सुई नसलेली मोठी सिरिंज. या थर्मासमध्ये एकदा उकळून मग साठेक अंशांपर्यंत निवू दिलेलं पाणी आहे. आधी उकळून घेतलं, कारण साध्या पाण्यात विरघळलेली हवा असते आणि तिचे बुडबुडे आपल्याला फसवतात. सिरिंजमध्ये थोडंसं पाणी ओढतो, आतली हवा बाहेर काढून टाकतो, टोक बोटाने घट्ट बंद करतो आणि दांडा जोरात मागे खेचतो. पुढे बसलेल्यांनी नीट पाहा. पाणी उकळलं! खाली गॅस नाही की शेगडी नाही. दांडा सोडला की उकळणं थांबतं, पुन्हा खेचला की पुन्हा उकळतं.

काय झालं? मी पाण्यावरचा दाब कमी केला. द्रवाला वाफ व्हायचं असतं आणि वरचा दाब त्याला दाबून धरतो. दाब हलका केला की कमी तापमानालाही त्याला उकळता येतं. दाब वाढवला की उकळायला जास्त तापमान लागतं. घरचा कुकर याच दुसऱ्या बाजूवर चालतो. म्हणजे उकळायचं तापमान ही द्रवाची ठरलेली गोष्ट नाही, दाबाची खुंटी पिळून ते आपण वरखाली करू शकतो. हे एवढं एक समजलं की फ्रीज समजला. बाकी सगळी नळजोडणी आहे.

दुसरी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण तिच्याकडे लक्ष गेलेलं नसेल. उकळायला उष्णता लागते. चहाचं आधण शंभर अंशांवर पोचलं की त्याचं तापमान वाढायचं थांबतं, पण गॅस बंद केला तर उकळणंही थांबतं. ती उष्णता तापमान न वाढवता द्रवाची वाफ करण्यात खर्च होते. पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. इंजेक्शनच्या आधी हाताला लावलेलं स्पिरिट उडून जातं आणि तिथे गार लागतं, कारण वाफ व्हायला लागणारी उष्णता त्याने तुमच्या कातडीतून घेतलेली असते. माठातलं पाणी गार होतं तेही असंच: बाहेर झिरपून उडून जाणारं पाणी आत राहिलेल्या पाण्यातून उष्णता घेऊन जातं.

फ्रीजच्या नळीत माठासारखाच प्रकार चालतो, फक्त पाण्याऐवजी दुसरा द्रव असतो. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये तो आयसोब्युटेन असतो. फ्रीजच्या मागच्या पट्टीवर त्याचं नाव आर 600 ए असं लिहिलेलं असतं. तुमच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन असतात, त्यांचाच हा सख्खा भाऊ. साध्या हवेच्या दाबाला तो उणे 12 अंशांच्या आसपास उकळतो. चिलरमध्ये दाब हवेच्या दाबाच्या साधारण सहा-दशांश ठेवलेला असतो, म्हणून तो उणे 23 अंशांवर उकळतो. बाटलीची उष्णता चिलरच्या पत्र्यातून या द्रवात येते आणि त्याची वाफ होते. आता आपली उष्णता वाफेच्या पोटात बसलेली आहे.

असा सगळ्या फ्रीजमध्ये किती द्रव असेल? बादलीभर? लहान फ्रीजमध्ये चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. एका मुठीत मावतील एवढे शेंगदाणे घेतले तर त्यांचं वजन तेवढं भरेल. त्यातला प्रत्येक ग्रॅम एका फेरीत ढोबळमानाने 250 जूल उष्णता उचलतो. आपलं ओझं 1 लाख 5 हजार जूल. भागाकार करा: 420 ग्रॅम. आहे फक्त बेचाळीस धरू. म्हणजे तुमच्या एका बाटलीसाठी त्या मूठभर द्रवाला दहा फेऱ्या माराव्या लागतात. म्हणूनच फेऱ्या मारता येणं, म्हणजे वाफ वाया न घालवता परत आणणं, यातच सगळा शोध आहे.

ही गोष्ट माणसाला उशिरा जमली. स्कॉटलंडमध्ये विल्यम कलन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी 1750 च्या दशकात हवा काढून घेणाऱ्या पंपाखाली ईथर उकळवून थंडावा मिळवून दाखवला, म्हणजे मी आत्ता सिरिंजने केलं त्याच जातीचा प्रयोग. पण वाफ उडून गेली की प्रयोग संपला. पुढे ऐंशीएक वर्षं गेली. 1833 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनहून तळ्याचा कापून काढलेला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला आला. निघताना तो सुमारे 180 टन होता आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरेक टन उरला होता. आपल्या देशातली उष्णता शोषून घ्यायला लोक तळ्यातला बर्फ अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आणत होते, कारण उष्णता बाहेर काढायचं यंत्र नव्हतं. नेमकं पुढच्याच वर्षी, 1834 मध्ये, लंडनमध्ये जेकब पर्किन्स यांनी पेटंट घेतलं. त्यांच्या यंत्रात ईथरची वाफ पंपाने ओढून, दाबून, पुन्हा द्रव करून त्याच जागी परत आणली जात होती. तुमच्या घरचा फ्रीज त्या बंद वर्तुळाचाच वंशज आहे.

आता आपली उष्णता वाफेत बसून चिलरच्या बाहेर निघाली आहे. पण पुढे अडचण आहे. वाफ आहे उणे वीस अंशांच्या आसपास आणि स्वयंपाकघर आहे 32 अंशांवर. उष्णता उतारानेच जाते. अशा थंड वाफेतली उष्णता गरम स्वयंपाकघरात कशी शिरणार? ती तर उलट दिशेने वाहील.

विहीर डोळ्यांसमोर आणा. विहिरीतलं पाणी आपण होऊन शेतात चढणार नाही. पूर्वी बैल मोट ओढायचे, आता पंप ओढतो. मोट वर आली की मात्र पाणी पाटातून आपोआप शेतात जातं. पाण्याला चढ चढायला लागलाच नाही, चढली ती मोट. फ्रीजमधली मोट म्हणजे आपली वाफ आणि बैल म्हणजे कॉम्प्रेसर, तो फ्रीजच्या मागे खाली असलेला काळा, गोल डबा. तुम्हाला येणारी घुरघुर त्याची. त्याच्यातला दट्ट्या वाफ ओढून घेतो आणि सुमारे सात वातावरणांइतक्या दाबापर्यंत दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं ना? तसंच इथे होतं. दट्ट्याने जोर लावून दाबल्यामुळे वाफ तापते, स्वयंपाकघरापेक्षा कितीतरी गरम होते.

दाबल्याने फक्त तापते असं नाही. दाबाची खुंटी आठवा. सात वातावरणांच्या दाबाला आयसोब्युटेनचं उकळायचं तापमान पन्नास अंशांवर जातं. ज्या तापमानाला द्रव उकळतो त्याच तापमानाला वाफ पुन्हा द्रव होते. म्हणजे आता या वाफेला द्रव व्हायला पन्नास अंशांचा थंडावासुद्धा पुरतो, आणि बाहेर 32 अंशांची हवा आहे. उतार तयार झाला!

ही गरम वाफ ज्या लांब नळीतून फिरते तिला कंडेन्सर म्हणतात. तुमच्या आजोबांच्या घरच्या फ्रीजच्या मागे काळी जाळी दिसायची, ती हीच. नव्या फ्रीजमध्ये ती बाजूच्या पत्र्यांच्या आतून फिरवलेली असते. तिथे वाफ आपल्या पोटातली उष्णता पत्र्याला देते आणि द्रव होते. पत्रा ती स्वयंपाकघरातल्या हवेला देतो. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तुमच्या बाटलीतली उष्णता फ्रीजच्या बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडून स्वयंपाकघरात पसरली.

फेरी पुरी व्हायला एक काम उरलं. द्रव अजून पन्नास अंशांच्या जवळ आणि मोठ्या दाबाखाली आहे, त्याला चिलरमध्ये परत पाठवायचं आहे. त्यासाठी एक तांब्याची केसासारखी नळी असते, कॅपिलरी. दोन-तीन मीटर लांब, आणि आतलं भोक एक मिलिमीटरहूनही लहान. एवढ्या बारीक वाटेने रेटत जाताना द्रवाचा दाब कमी कमी होत जातो. पलीकडे चिलरमध्ये पोचतो तेव्हा दाब इतका उतरलेला असतो की त्यातला काही भाग लगेच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो उरलेल्या द्रवातूनच घेतो, आणि तो द्रव थेट उणे 23 अंशांवर उतरतो. फ्रीज बंद होताना कान लावलात तर जी सळसळ ऐकू येते ती याच जागची.

आता हिशोब. कॉम्प्रेसरला जोर लावायला वीज लागते आणि ती ऊर्जाही नाहीशी होत नाही, उष्णता होऊन वाफेबरोबरच बाहेर पडते. शंभर वॅट वीज घेऊन फ्रीज दीडशे वॅटच्या वेगाने उष्णता उचलतो असं धरू. फ्रीजगणिक हा आकडा बदलतो, पण समजायला चांगला आहे. आपल्या 105 किलोजूलसाठी 70 किलोजूल वीज लागली, म्हणजे एका युनिटचा जेमतेम पन्नासावा भाग. आणि स्वयंपाकघरात पडली 105 अधिक 70, म्हणजे 175 किलोजूल उष्णता. बाटलीतून जेवढी निघाली त्याहून जास्त बाहेर पडली.

आता दरवर्षी मला विचारला जाणारा प्रश्न तुम्हीच सोडवू शकाल. उन्हाळ्यात फ्रीजचं दार उघडं ठेवून खोली गार करता येईल का? फ्रीज खोलीतून दीडशे घेणार आणि त्याच खोलीत अडीचशे टाकणार. खोली तापत जाईल. एसीने खोली गार होते, कारण त्याचा गरम भाग भिंतीच्या पलीकडे टांगलेला असतो.

आमच्या घरचा एक प्रसंग सांगतो. त्यावेळी मी आठवीत होतो. चिलरमध्ये बर्फाचा जाड थर साचला होता आणि बर्फाचा ट्रे निघेना. दादाने सुरी घेतली आणि टोचायला सुरुवात केली. फुस्स असा आवाज आला आणि थांबला. संध्याकाळपर्यंत दूध नासलं. मेकॅनिक काका आले. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. आधी कॉम्प्रेसरवर हात ठेवला: चालू होता आणि चांगला तापला होता. मग मागच्या काळ्या जाळीवर हात ठेवला: जाळी गार. मग चिलरला हात लावला: तो मात्र गार नाही. ते आईला म्हणाले, "वहिनी, मागे गरम होत नाही, म्हणजे आत थंड होणार नाही. गॅस गेलाय." ते वाक्य मी विसरलेलो नाही. जाळी गरम नसणं ही आम्हाला चांगली गोष्ट वाटत होती. काकांना मात्र त्यावरून कळलं की बैल चालतोय आणि मोट रिकामी आहे.

त्यांनी सुरीच्या खुणेवर साबणाचा फेस लावला, फेसात बुडबुडे आले, भोक सापडलं. ते बुजवून त्यांनी गॅस भरला. दोन दिवसांनी नवीनच तक्रार सुरू झाली: तासभर छान थंड व्हायचं, मग एकाएकी बंद, मग काही वेळाने पुन्हा सुरू. काका परत आले, कॅपिलरी चिलरला जिथे मिळते तिथे त्यांनी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं धरलं. क्षणात सळसळ सुरू झाली. भोकातून नळीत दमट हवा शिरली होती. तिच्यातलं पाणी त्या केसाएवढ्या नळीच्या तोंडाशी गोठून बूच बसायचं. फेरी थांबली की तिथला थंडावा जायचा, बर्फ वितळायचा आणि पुन्हा वाट मोकळी व्हायची. याला चोक म्हणतात. काकांनी सगळा गॅस काढला, पाणी शोषणारा फिल्टर बदलला, पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल पूर्ण ओढून काढली आणि मगच नवा गॅस भरला. पहिल्या वेळी ही ओल काढायची राहिली होती, आणि ते त्यांनी आईला स्वतःहून सांगितलं. आमच्या त्या फ्रीजमधला गॅस वेगळा होता. तो आकाशातल्या ओझोनच्या थराला खातो हे कळल्यावर 1987 च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो हळूहळू बंद केला. आजचा आयसोब्युटेन ओझोनला धक्का लावत नाही, पण तो पेट घेतो. म्हणून आज सुरी लावणं त्याहून वाईट.

मुळात तो बर्फ साचतो कसा? दार उघडलं की आतली थंड, जड हवा खालून सांडते आणि वरून खोलीची दमट हवा आत येते. "दार लाव" म्हणणारी आई बरोबरच म्हणते. त्या दमट हवेतलं पाणी चिलरवर जाऊन गोठतं. आता हे ऐका: हवेतल्या वाफेचा एक ग्रॅम बर्फ होताना जेवढी उष्णता सोडतो तेवढ्या उष्णतेत आपल्या बाटलीतलं सत्तावीस ग्रॅम पाणी 30 वरून 5 अंशांवर आणता आलं असतं. वाफ होताना घेतलेली उष्णता ती द्रव होताना परत देते, गोठताना आणखी देते, आणि ती सगळी आपल्या हमालाच्या पाठीवर पडते. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत बर्फाचा थर भराभर वाढतो तो यामुळे. शिवाय थर जाड झाला की तो गोधडीसारखा चिलरला गुंडाळून बसतो. हवेतली उष्णता पत्र्यापर्यंत पोचत नाही, आत भाजी गार होत नाही आणि कॉम्प्रेसर चालूच राहतो. थर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं आणि बर्फ आपण होऊन सुटेपर्यंत वाट बघायची. बस.

दुसरा अडथळा प्रवासाच्या शेवटी असतो. फ्रीज भिंतीला अगदी चिकटवला, बाजूला तांदळाचं पोतं टेकवलं, वरून झालर असलेलं कापड सोडलं, तर पत्र्याची उष्णता खोलीत जाणार कशी? पत्रा जास्त तापतो, आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसरला त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. मोटेचा बैल तोच, पण विहीर खोल झाली. वीज जास्त जाते आणि थंडावा कमी मिळतो. बाजूंनी चारपाच बोटं जागा सोडली की हा त्रास राहत नाही.

तेव्हा बाईंच्या नावाने तुम्हाला आज एक गृहपाठ देतो. घरी जा, फ्रीज चालू असताना, म्हणजे घुरघुर ऐकू येत असताना, त्याच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवा. मागच्या काळ्या डब्याला आणि वायरींना हात लावू नका, तिथे भाजतं. पत्रा कोमट लागेल. घरातलं कुणी म्हणेल की फ्रीज बिघडलाय, बघा किती तापलाय. त्यांना सांगा की ती दुपारी ठेवलेल्या बाटलीतली उष्णता आहे आणि तिच्यात थोडी विजेची मिसळली आहे. आणि कधी घुरघुर चालू असूनही पत्रा बराच वेळ गारच लागला, तर दूध बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.